कर्जाच्या विम्याचं पत्र : सही दोघांची, जोखीम तिसरीची

गावातल्या मीटिंगमध्ये चाळीस हजारांचं कर्ज मंजूर होतं, पैसे खात्यात जमा होतात, आणि लोन कार्डावर विम्यापोटी कापलेली एक रक्कम दिसते. बहुतेक बायका तिला ‘इन्शुरन्सची कपात’ म्हणतात आणि पुढच्या हप्त्याच्या हिशोबाला लागतात. ही कपात किती असावी, तिच्या बदल्यात काय मिळावं आणि मिळालेले पैसे कुणाच्या खात्यात जावेत, हे त्या मीटिंगमध्ये ठरलेलं नसतं. ते आधीच एका पत्रात ठरलेलं असतं. कर्ज देणाऱ्या मायक्रोफायनान्स संस्थेने विमा कंपनीला लिहिलेलं पत्र, सोबत कर्जदारांची यादी आणि प्रीमियम कसा काढायचा याचं परिशिष्ट. पत्र सहसा इंग्रजीत असतं, सह्या दोन संस्थांच्या असतात, आणि ज्या बाईच्या जिवाचा विमा असतो तिने ते कधी पाहिलेलं नसतं. म्हणूनच ते नीट उलगडून पाहायला हवं.

पत्राची गरज का पडते, ते आधी पाहू. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार, वर्षाला ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला तारण न घेता दिलेलं कर्ज म्हणजे मायक्रोफायनान्स कर्ज. तारण नाही, म्हणून कर्जदार बाई दगावली तर संस्थेच्या हाती काही राहत नाही, आणि कुटुंबावर दुःखासोबत हप्तेही येतात. अशा प्रत्येक बाईला स्वतंत्र पॉलिसी देणं विमा कंपनीला परवडत नाही. दोन-चारशे रुपयांच्या प्रीमियमसाठी एजंट घरी पाठवायचा आणि वैद्यकीय तपासणी करायची, तर खर्चच प्रीमियमपेक्षा जास्त होईल. म्हणून एकच मास्टर पॉलिसी निघते. पॉलिसीधारक असते संस्था, कर्जदार असतात तिच्यातल्या सभासद, आणि प्रत्येकीला मिळायला हवं एक विमा प्रमाणपत्र.

समजा मराठवाड्यातली एक संस्था असं पत्र लिहीत आहे. संस्था आणि पुढचे आकडे कल्पित आहेत, पण पद्धत खरी आहे. पहिल्या परिच्छेदात संस्था आपली ओळख देते आणि हा गट कर्जव्यवहारातून तयार झालेला आहे, विमा मिळवण्यासाठी गोळा केलेला नाही, असं स्पष्ट करते. हे वाक्य केवळ शिष्टाचाराचं नाही. निव्वळ विम्यासाठी जमवलेल्या गटाला विमा नियामक मान्यता देत नाही. शिवाय विमा कंपनीला भीती असते ती आजारी माणसंच तेवढी विमा घेतील याची. कर्जाला पात्र ठरलेली प्रत्येक बाई आपोआप यादीत येत असेल तर ही भीती कमी होते आणि तपासणीशिवाय, तब्येत चांगली असल्याच्या साध्या घोषणापत्रावर विमा देता येतो.

इथेच एक ताण आहे. विमा कंपनीला सगळ्याजणी हव्या असतात. रिझर्व्ह बँकेचा नियम मात्र सांगतो की कर्जाव्यतिरिक्त कुठलंही उत्पादन कर्जदाराच्या पूर्ण संमतीनेच द्यायचं आणि त्याचं शुल्क लोन कार्डावर, तिला समजेल अशा भाषेत लिहायचं. प्रामाणिक संस्था पत्रात ‘सर्व कर्जदार’ असं लिहीत नाही. ‘संमती दिलेले कर्जदार, अपेक्षित प्रमाण इतकं’ असं लिहिते, आणि संमतीचा नमुना पत्राला जोडते.

आता प्रीमियमचा पाया. दर नेहमी ‘हजारी’ बोलला जातो, म्हणजे विम्याच्या दर हजार रुपयांमागे वर्षाला किती. तो ठरवायला विमा कंपनी पहिला प्रश्न विचारते, की तुमच्याकडे आजवर किती माणसं गेली? संस्था तीन वर्षांचा अनुभव पाठवते. त्यासाठी नुसती कर्जदारांची संख्या चालत नाही, कर्जदार-वर्षं मोजावी लागतात. वर्षभर कर्ज असलेली बाई एक धरायची, सहा महिने असलेली अर्धी. आपल्या संस्थेची तीन वर्षांत ४५,००० कर्जदार-वर्षं भरली आणि ९९ मृत्यू नोंदले गेले, असं धरू. म्हणजे हजारी २.२. त्यात विमा कंपनीचा खर्च, कमिशन आणि वाईट वर्षासाठीची राखीव रक्कम मिळवून दर ठरला हजारी ३.

म्हणजे चाळीस हजारांच्या, दोन वर्षांच्या कर्जावर तिचा प्रीमियम ४० गुणिले ३ गुणिले २, म्हणजे २४० रुपये. सहकर्जदार असलेल्या नवऱ्याचा विमाही बहुतेक संस्था घेतात. पुरुषांचा मृत्युदर जास्त असतो, म्हणून त्याचा दर वेगळा. तो हजारी ५.५ धरला तर ४४० रुपये. दोघांचे मिळून ६८० रुपये, जीएसटी वेगळा.

हा दर रास्त आहे की नाही, हे तपासायची सोपी कसोटी आहे. दर ३, अपेक्षित मृत्यू २.२, म्हणजे शंभर रुपये प्रीमियमपैकी साधारण ७३ रुपये दाव्यांच्या रूपाने कुटुंबांकडे परत जातील. तोच दर ६ असता तर शंभरातले ३७ च परत गेले असते. संस्था विमा कंपनीची कॉर्पोरेट एजंट असेल तर तिला प्रीमियमवर कमिशन मिळतं, म्हणून दर चढा राहण्यात तिचाही फायदा असू शकतो. कर्जदाराच्या बाजूने घासाघीस करायची जबाबदारी जिच्यावर आहे, तिलाच चढ्या दरातून उत्पन्न मिळतं. हा या व्यवस्थेतला सर्वांत मोठा दोष आहे असं मला वाटतं. आंध्र प्रदेशातल्या २०१० च्या संकटानंतर नेमलेल्या मालेगाम समितीने म्हणूनच कर्जाच्या किमतीत व्याज, प्रक्रिया शुल्क आणि विम्याचा प्रीमियम एवढे तीनच घटक असावेत, असं सुचवलं होतं. आता विम्याची कपातही वार्षिक टक्केवारीच्या खर्चात धरून कर्जदाराला दाखवावी लागते.

अनुभवाच्या आकड्यांत आणखी एक गोम असते, आणि ती जाणकार विमा कंपनी लगेच ओळखते. विमा सुरू होण्याआधी जे मृत्यू झाले, ते संस्थेच्या नोंदीत बऱ्याचदा मृत्यू म्हणून येतच नाहीत. बाई गेली, गटातल्या बायकांनी किंवा मुलाने उरलेले हप्ते भरले, आणि खातं ‘बंद’ असं नोंदलं गेलं. ९९ ऐवजी ३५ च मृत्यू दिसले तर दर हजारी ०.८ वर येतो. भारतीय विमाधारकांच्या २०१२-१४ च्या मृत्यू सारणीत तिशीतच हा दर हजारी १ च्या जवळ आहे आणि पन्नाशीला ४ च्या वर. विमा घेणारी माणसं सहसा बऱ्या परिस्थितीतली. मग गरीब कुटुंबांतल्या, सरासरी अडतिशीच्या बायकांचा दर त्याहून कमी कसा असेल? असा आकडा आला की समजायचं, मृत्यू कमी नाहीत, नोंदी कमी आहेत. त्यावर ठरलेला स्वस्त दर पहिल्याच वर्षी कोसळतो. मग विमा कंपनी दर एकदम वाढवते किंवा दाव्यांमध्ये खुसपटं काढू लागते, आणि ते कुटुंबाला सगळ्यात जास्त भोवतं.

दराइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे विम्याचा आकार. घटता विमा घ्यायचा की स्थिर? घटत्या विम्यात रक्कम कर्जासोबत कमी होत जाते. स्थिर विम्यात ती शेवटपर्यंत चाळीस हजारच राहते. २४ टक्के व्याजाने, २४ मासिक हप्त्यांत फेडायच्या कर्जात बाकी असलेली रक्कम मुदतीभरात सरासरी मूळ कर्जाच्या ५६ टक्के असते. म्हणून त्याच दराने घटत्या विम्याचा प्रीमियम २४० ऐवजी साधारण १३४ रुपये व्हायला हवा. लोन कार्डावर २४० कापले आणि विमा घटता निघाला, तर त्या बाईने जवळपास दुप्पट किंमत मोजली. प्रमाणपत्रावर विमा रक्कम एकच छापली आहे की महिन्यागणिक उतरणारा तक्ता आहे, एवढं पाहिलं तरी हे कळतं.

फरक दाव्याच्या वेळी दिसतो. या कर्जाचा महिन्याचा हप्ता सुमारे २,११५ रुपये. नऊ हप्ते भरून झाल्यावर बाईचं निधन झालं, तर बाकी राहतात सुमारे २७,१७० रुपये. घटत्या विम्यात कर्ज मिटतं आणि कुटुंबाच्या हाती काही येत नाही. स्थिर विम्यात चाळीस हजारांतून कर्ज वळतं होऊन सुमारे १२,८३० रुपये वारसाला मिळतात. दवाखान्याची उधारी आणि दहाव्या-तेराव्याचा खर्च समोर असताना ही रक्कम लहान नसते.

घटत्या विम्याला आणखी एक छुपी मर्यादा आहे. तक्ता ठरलेल्या हप्त्यांप्रमाणे उतरतो, प्रत्यक्ष भरण्याप्रमाणे नाही. आजारपणात दोन हप्ते थकले असतील तर ती चार हजारांवरची रक्कम तक्त्यात नसते आणि ती कुटुंबाकडे मागितली जाते. २०२० च्या मार्च ते ऑगस्टमध्ये हप्त्यांना स्थगिती मिळाली तेव्हा हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर समोर आली. कर्जाची मुदत पुढे सरकली, पण विम्याची मुदत संस्थेने वाढवून घेतली नसेल, तर ती जुन्या तारखेलाच संपत होती. म्हणून पत्रात ‘कर्जाची पुनर्रचना झाल्यास’ असं एक कलम हवंच. मुदत वाढली की विमा किती वाढेल आणि जादा प्रीमियम कोण भरेल, हे तिथे लिहिलेलं असावं.

आता यादी. पत्रातलं सगळं एकीकडे, आणि हे परिशिष्ट एकीकडे, कारण मास्टर पॉलिसीत बाईचा शिरकाव होतो तो केवळ या यादीतल्या एका ओळीमुळे. त्या ओळीत कर्ज खाते क्रमांक, ओळखपत्रावर आहे तसं नाव, जन्मतारीख, नवऱ्याचं नाव आणि जन्मतारीख, वारस आणि त्याचं नातं, कर्जाची रक्कम, पैसे दिल्याची तारीख, मुदत, विमा रक्कम आणि प्रीमियम एवढं हवं. आधारचा पूर्ण क्रमांक यादीत टाकायची गरज नसते, आणि टाकूही नये.

चुका ठराविक जागी होतात. जन्मतारखेच्या रकान्यात ‘०१/०१’ ची रांग दिसते, कारण आधार काढताना अनेकींना नक्की तारीख सांगता आली नव्हती आणि नुसत्या वर्षावरून १ जानेवारी नोंदली गेली. वयं ३५, ४०, ४५ अशा गोल आकड्यांवर साचलेली दिसतात. नोंदणीच्या वेळी हे कुणाला खटकत नाही. दाव्याच्या वेळी मतदार ओळखपत्रावर वेगळं वय निघतं, आणि प्रवेशाची कमाल मर्यादा साठ असेल तर ५९ की ६१ यावर सगळा दावा अडतो. यावर उपाय पत्रातच करता येतो. ‘वयाचा पुरावा म्हणून नोंदणीच्या वेळी स्वीकारलेलं एकच कागदपत्र दाव्यासाठीही ग्राह्य धरलं जाईल,’ हे वाक्य त्यात असायला हवं.

नावाचं दुखणं आपल्याकडे खास आहे. आधारवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं, आणि ग्रामपंचायतीच्या मृत्यू दाखल्यावर गावात हाक मारायचे ते. तिन्ही नावं एकाच बाईची, हे सिद्ध करायला मुलाला तालुक्याला प्रतिज्ञापत्रासाठी खेटे घालावे लागतात. नोंदणीच्या वेळीच ‘दुसरं नाव’ असा एक रकाना ठेवला तर हे टळतं. वारसाच्या रकान्यात बहुतेक वेळा सवयीने नवऱ्याचं नाव येतं. विधवा, परित्यक्ता किंवा नवऱ्यापासून वेगळं राहणाऱ्या बाईला तिथे कुणाचं नाव घालायचं, हे विचारायलाच हवं. आणि त्या रकान्यात कर्ज देणाऱ्या संस्थेचंच नाव दिसलं, तर ती यादी तिथेच परत पाठवावी.

संस्थेच्या हिशोब विभागासाठी यादीपेक्षाही नाजूक आहे ती तारीख. विमा कायद्याच्या ६४-व्हीबी कलमानुसार प्रीमियम हाती येण्याआधी विमा कंपनी जोखीम घेऊ शकत नाही. शाखेत मात्र कर्जाचं वाटप रोज होतं आणि यादी आठवड्यातून एकदा जाते. मंगळवारी कर्ज मिळालेली बाई शुक्रवारी सर्पदंशाने गेली आणि यादी सोमवारी गेली, तर तिचा विमा होता की नव्हता? प्रीमियम तर तिच्याकडून मंगळवारीच कापलेला आहे.

याचं उत्तर म्हणजे आगाऊ ठेव. संस्था विमा कंपनीकडे एक रक्कम आधीच ठेवते आणि पत्रात लिहिते : ‘कर्ज वाटपाच्या दिवसापासून जोखीम सुरू होईल, त्या दिवशी ठेवीत पुरेशी शिल्लक असल्यास. यादी सात दिवसांत पाठवली जाईल.’ आपली संस्था आठवड्याला ३०० कर्जं वाटत असेल तर ६८० रुपयांप्रमाणे २,०४,००० रुपये प्रीमियम होतो. यादी सात दिवस मागे असते आणि बँकेच्या सुट्ट्या येतात, म्हणून निदान दोन आठवड्यांची, म्हणजे चार लाखांच्या आसपास ठेव हवी. दिवाळीआधी वाटप वाढतं, ठेव संपते आणि यादीतल्या शेवटच्या ओळी विम्याबाहेर राहतात. ही चूक कुणाला दिसत नाही, कारण त्यांचे पैसे कापलेले असतात आणि कार्डावर नोंदही असते. ती शोधायचा एकच मार्ग आहे. दर महिन्याला वाटलेल्या कर्जांची संख्या आणि विमा कंपनीने दिलेल्या प्रमाणपत्रांची संख्या शेजारी मांडायची. फरक एकाचा निघाला तरी ते नाव शोधायचं.

दाव्याच्या कलमात दोन गोष्टी स्पष्ट असाव्यात. पहिली पैशाच्या वाटेबद्दल. रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालच्या संस्थेला विमा कंपनी थेट पैसे देऊ शकते, पण फक्त कर्जाच्या बाकीएवढे, तेही कर्जदाराने आधी दिलेल्या अधिकारपत्रावरून आणि खातेउताऱ्याच्या आधारे. उरलेली रक्कम वारसाच्या खात्यात जायला हवी. संस्थेच्या खात्यातून फिरून नव्हे.

दुसरी गोष्ट गटातल्या बायकांबद्दल. संयुक्त जबाबदारी गटात एकीचा हप्ता राहिला की बाकीच्यांनी भरायचा असतो. दावा मंजूर होईपर्यंत महिना-दोन महिने जातात, आणि तेवढ्यात फील्ड ऑफिसर मीटिंगमध्ये मेलेल्या बाईचा हप्ता मागत राहतो. विमा कंपनी बाकी मोजते ती मृत्यूच्या तारखेची, म्हणून नंतर घेतलेला प्रत्येक हप्ता संस्थेकडे जादा जमा होतो. ‘मृत्यूची माहिती मिळाल्याच्या दिवसापासून वसुली थांबेल, आणि त्यानंतर घेतलेले हप्ते भरणाऱ्याला परत केले जातील,’ असं कलम अनेक पत्रांत नसतं. ते असावं यासाठी गटांनी आणि त्यांच्यासोबत काम करणाऱ्यांनी आग्रह धरायला हवा.

इथे प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेचा उल्लेख करायलाच हवा. वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचा विमा, प्रवेश १८ ते ५० वयात, बँक खात्यातून कपात. तिची रक्कम वारसाला मिळते, कर्जात वळती होत नाही. कर्जाचा विमा हा तिला पर्याय नाही, आणि तीही याला पर्याय नाही. पण ज्या बाईकडे दोन्ही आहेत तिच्या घरच्यांना दोन्ही दावे करता येतात, हे मृत्यूनंतर त्यांना सांगणारं कुणीतरी लागतं. अर्जासाठी लागणारे कागद जवळपास तेच : मृत्यू दाखला, वारसाचं ओळखपत्र आणि पासबुक, अपघात असेल तर एफआयआर आणि शवविच्छेदन अहवाल.

शेवटचं कलम सगळ्यात कमी वाचलं जातं. कर्ज मुदतीआधी फिटलं तर काय? मायक्रोफायनान्स कर्ज आधी फेडल्याबद्दल दंड घेता येत नाही. पण विम्याचा प्रीमियम दोन वर्षांचा एकदम घेतलेला असतो. बारा महिन्यांनी जुनं कर्ज बंद करून मोठं कर्ज घ्यायची पद्धत सर्रास आहे, आणि नव्या कर्जावर नवा प्रीमियम पुन्हा कापला जातो. जुन्या ६८० रुपयांतला उरलेल्या वर्षाचा भाग, स्थिर विम्यात साधारण ३४० रुपये वजा प्रशासकीय खर्च, तिला परत मिळायला हवा. नाहीतर जुना विमा मुदत संपेपर्यंत चालू राहायला हवा आणि त्याची पूर्ण रक्कम वारसाला मिळायला हवी. वर्षाला सहा हजार बायका असं कर्ज बदलत असतील तर ही रक्कम वीस लाखांच्या घरात जाते. पत्रात याबद्दल काही लिहिलेलं नसेल तर ती बहुधा विमा कंपनीकडेच राहते. म्हणून कर्ज बदलताना बाईने जुनं विमा प्रमाणपत्र सोबत न्यावं आणि नव्या लोन कार्डावर परताव्याची नोंद करून मागावी, किंवा जुना विमा चालू असल्याचं लेखी घ्यावं.